दीड जीबीत क्लाउड गेमिंग

महागडा कॉम्प्युटर नको, प्लेस्टेशन नको, शंभर जीबीचं डाउनलोड नको. हातातल्या साध्या फोनवर मोठे गेम खेळा, असं क्लाउड गेमिंगच्या जाहिराती सांगतात आणि ते खरं आहे. गेम चालतो कंपनीच्या डेटा सेंटरमधल्या ताकदवान मशीनवर. आपल्या फोनपर्यंत येतं ते फक्त चित्र आणि आवाज, आणि आपल्याकडून उलट जातं ते बटण दाबल्याचं इवलंसं निरोपपत्र. भारतात जिओने २०२२ च्या अखेरीस अशा सेवेची चाचणी सुरू केली, २०२५ च्या नोव्हेंबरात एक्सबॉक्सची क्लाउड सेवाही इथे आली. ज्यांच्या घरी फायबर आहे त्यांना फारसा विचार करावा लागत नाही. पण हॉस्टेलवर, भाड्याच्या खोलीत किंवा फायबर न पोचलेल्या गावात राहणाऱ्याचं सगळं इंटरनेट म्हणजे फोनमधलं सिम, आणि त्या सिमवर रोजचे दीड-दोन जीबी. तेवढ्यात हे बसतं का? बसतं. मात्र आधी हिशेब करायचा आणि मग खेळायचं, या क्रमाने.

हा हिशेब बहुतेक जण रिझोल्यूशनपासून सुरू करतात. ‘७२०पी ठेवलं की डेटा कमी जातो, १०८०पी ठेवलं की जास्त,’ असं सर्रास सांगितलं जातं. यात अर्धंच सत्य आहे. डेटा किती जाणार हे ठरवतो तो बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला सर्व्हर किती मेगाबिट चित्र पाठवतो तो आकडा. रिझोल्यूशन म्हणजे चित्रात ठिपके किती. बिटरेट म्हणजे ते ठिपके रंगवायला किती माहिती खर्च केली. सर्व्हरला १० मेगाबिटची परवानगी असेल, तर ७२०पी निवडूनही तो त्या परवानगीच्या जवळपास जाऊ शकतो. चित्र थोडं अधिक नेटकं दिसेल, पण डेटा वाचणार नाही. उलट बिटरेटवर ५ ची मर्यादा घातली, तर १०८०पी निवडलं तरी डेटा तेवढाच जाईल, फक्त चित्र खराब दिसेल. रिझोल्यूशन बदलल्यावर डेटा कमी झालेला दिसतो, तेव्हा बहुधा सेवेने त्यासोबत बिटरेटही आपणहून खाली आणलेला असतो.

बिटरेटवरून तासाचा खर्च काढणं सोपं आहे. आठ बिटांचा एक बाइट आणि तासाचे ३६०० सेकंद, म्हणजे १ एमबीपीएस तासभर चालला की साधारण ०.४५ जीबी जातात. त्यात आवाज, वाटेत हरवलेली माहिती भरून काढायला पाठवलेला जादा भाग, आपल्या बटणांचे निरोप हे धरले तर अर्धा जीबी धरावा. तेव्हा नियम असा: एमबीपीएसचा जो आकडा असेल त्याच्या निम्मे जीबी दर तासाला. ३ असेल तर तासाला दीड जीबी, ५ असेल तर अडीच, १० असेल तर पाच, २० असेल तर दहा. गूगलची स्टेडिया ही सेवा २०२३ च्या जानेवारीत बंद झाली, पण तिने आपले आकडे स्पष्ट दिले होते: ७२०पीला तासाला ४.५ जीबीपर्यंत आणि १०८०पीला १२.६ जीबीपर्यंत. म्हणजे अनुक्रमे १० आणि २८ एमबीपीएस. ‘सर्वोत्तम अनुभवा’साठी कंपन्या आपणहून जे ठेवतात ते असं असतं. रोजच्या दोन जीबीवर जगणाऱ्याने ते आपणहून खाली आणायचं असतं.

इथे एक गोंधळ टाळला पाहिजे. सेवेच्या माहितीत ‘इतका वेग हवा’ असा आकडा असतो. एनव्हिडियाची जिफोर्स नाऊ ही सेवा ७२०पी आणि सेकंदाला ६० फ्रेमसाठी १५ एमबीपीएसचं कनेक्शन मागते, १०८०पीसाठी २५. हा आकडा खर्चाचा नाही. नेटवर्क मध्येच खाली आलं तरी खेळ चालू राहावा म्हणून मागितलेली ती मोकळी जागा आहे. प्रत्यक्ष खर्च त्याहून कमी असतो आणि तो आपण किती मर्यादा घालतो यावर ठरतो.

आता एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवू. समजा एक विद्यार्थी लातूरला हॉस्टेलवर राहतो. फोन ४जी आहे, प्लॅन रोज २ जीबीचा. व्हॉट्सअ‍ॅप, क्लासच्या नोट्स, थोडे व्हिडिओ आणि यूपीआय यांसाठी अर्धा जीबी बाजूला ठेवायलाच हवा, कारण रोजचा कोटा संपला की वेग साधारण ६४ केबीपीएसवर येतो आणि त्या वेगात क्लाउड गेमिंग सोडाच, साधी वेबसाइट उघडायलाही वाट पाहावी लागते. उरला दीड जीबी. १० एमबीपीएसवर खेळला तर हा दीड जीबी १८ मिनिटांत संपतो. गेम सुरू होणं, मेनू आणि मागच्या वेळचा सेव्ह उघडणं यातच त्यातला चांगला भाग जातो. ५ एमबीपीएसवर ३६ मिनिटं मिळतात. ३ वर तास भरतो.

माझं मत ५ च्या बाजूने आहे. ३ एमबीपीएसवर वेळ मिळतो, पण धावपळीच्या दृश्यात चित्राचे चौकोनी तुकडे पडतात आणि समोरून कोण येतंय ते कळेनासं होतं. ३६ मिनिटं कमी वाटत असतील तर त्यावर एक साधा उपाय आहे. बहुतेक प्रीपेड प्लॅनचा रोजचा कोटा मध्यरात्री नव्याने सुरू होतो. रात्री साडेअकराच्या थोडं आधी बसलं तर बारापर्यंत आजचा दीड जीबी वापरायचा आणि बारानंतर उद्याचा. सलग सत्तर मिनिटं मिळतात. त्याची किंमत अशी की दुसऱ्या संध्याकाळी खेळता येत नाही, म्हणजे हा कार्यक्रम एक दिवसाआड. पण रोज अर्धा तास तुकड्यांत खेळण्यापेक्षा मोठ्या कथानकाच्या गेमला एक दिवसाआड तासभर जास्त मानवतो. शिवाय त्या वेळेला टॉवरवरची गर्दीही ओसरलेली असते.

चित्र कुठे कापायचं

५ एमबीपीएस हा आकडा पक्का केल्यावरच रिझोल्यूशनकडे वळायचं. १०८०पीमध्ये ७२०पीच्या सव्वादोन पट ठिपके असतात. तेवढ्याच ५ मेगाबिटांत सव्वादोन पट ठिपके रंगवायचे म्हटले की प्रत्येकाच्या वाट्याला कमी माहिती येते. स्थिर चित्र छान दिसतं, कॅमेरा फिरला की सगळं कालवल्यासारखं होतं. त्यापेक्षा ७२०पी घ्यावं. सहा-साडेसहा इंचांच्या फोनवर हातभर अंतरावरून ७२०पी आणि १०८०पीमधला फरक फार जाणवत नाही. जाणवतो तो बारीक अक्षरांत, म्हणून गेमच्या सेटिंगमध्ये सबटायटल आणि मेनूची अक्षरं मोठी करून घ्यावीत. लॅपटॉपच्या पडद्यावर मात्र ७२०पी मवाळ दिसतं. तिथे ते सहन करायचं किंवा मोबाइल डेटावर लॅपटॉपचा नाद सोडायचा.

फ्रेमचा प्रश्न थोडा नाजूक आहे. सेकंदाला ६० ऐवजी ३० फ्रेम घेतल्या तर डेटा निम्मा होईल असं वाटतं. तसं होत नाही. व्हिडिओ प्रत्येक फ्रेम पूर्ण पाठवत नाही, मागच्या फ्रेमपेक्षा काय बदललं तेवढंच पाठवतो. फ्रेम कमी केल्या की दोन फ्रेममधला बदल मोठा होतो आणि प्रत्येक फ्रेम महाग होते. वाचतं, पण निम्म्याने नाही. आणि दोन फ्रेममधलं अंतर सतरा मिलिसेकंदांवरून तेहतीसवर जातं, म्हणून हात जड वाटायला लागतो. सिव्हिलायझेशनसारखा पाळीपाळीने खेळायचा गेम, बुद्धिबळ, कोडी, संवादावर चालणारे गेम यांना ३० फ्रेम आणि ३ एमबीपीएस खुशाल द्यावेत. तिथे चित्र बराच वेळ जवळपास स्थिर असतं. फोर्झा होरायझनसारखी मोटारींची शर्यत ही दुसऱ्या टोकाला. वेगाने मागे पळणारं गवत, झाडं, धूळ असं प्रत्येक फ्रेममध्ये सगळंच बदलतं, आणि व्हिडिओ दाबणाऱ्या यंत्रणेला याहून अवघड काही नसतं. कमी डेटावर शर्यतीचे गेम मी कोणालाच सुचवणार नाही.

गेमच्या आतली एक सेटिंग इथे फार कामाची आहे आणि तिच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. बऱ्याच मोठ्या गेममध्ये Film Grain नावाचा पर्याय असतो, जुन्या सिनेमाच्या रिळासारखी बारीक रवाळ छटा पडद्यावर आणणारा. हा रवा दर फ्रेमला बदलतो, म्हणून मर्यादित बिटरेटचा मोठा भाग तो गिळतो आणि खऱ्या चित्राच्या वाट्याला कमी उरतं. तो बंद करायचा. त्याच ५ एमबीपीएसमध्ये चित्र लगेच स्वच्छ होतं.

बिटरेटची मर्यादा घालायची कुठे? जिफोर्स नाऊमध्ये सेटिंगमध्ये Streaming Quality खाली Data Saver आणि Custom असे पर्याय असतात. Custom मध्ये Max bit rate सरकवून आपल्याला हवा तो आकडा ठेवता येतो. घरच्या कॉम्प्युटरवरून फोनवर गेम आणणारं मूनलाइट हे मोफत अ‍ॅप तर बिटरेट अगदी १ एमबीपीएसच्याही खाली नेऊ देतं. पुण्याला घरी गेमिंग कॉम्प्युटर आणि फायबर आहे, पण आठवडाभर राहणं दुसरीकडे, अशांसाठी तो चांगला मार्ग आहे. जिथे असा पर्यायच दिसत नाही, तिथे मोजून पाहायचं. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये प्रत्येक अ‍ॅपने किती मोबाइल डेटा वापरला ते दिसतं. खेळण्याआधीचा आकडा लिहून ठेवा, दहा मिनिटं खरा खेळ खेळा (मेनूत बसून नाही), पुन्हा पाहा आणि फरकाला सहाने गुणा. तो तासाचा खर्च. कंपनीच्या कोणत्याही दाव्यापेक्षा हा आकडा भरवशाचा, कारण तो तुमच्या फोनवरचा, तुमच्या गेमचा आहे. ब्राउझरमधून खेळत असाल तर तो खर्च ब्राउझरच्या नावावर दिसेल, हे लक्षात असू द्या. आणि गेम थांबवून जेवायला गेलात तरी चित्र येतच राहतं. पॉज केलेला गेमही डेटा खातो. उठायचं असेल तर सेशन बंद करून उठा.

वेग आहे, तरी अडखळतं

‘माझ्याकडे पन्नासचा स्पीड येतो, तरी गेम अडखळतो,’ ही तक्रार फार ऐकू येते. तिचं उत्तर यूट्यूब आणि गेम यांच्यातल्या फरकात आहे. यूट्यूब पुढचं अर्धं मिनिट आधीच उतरवून ठेवतो, म्हणून मधे दोन सेकंद नेटवर्क गेलं तरी कळत नाही. गेममध्ये पुढची फ्रेम तुम्ही कोणतं बटण दाबता यावर ठरते. ती आधी तयारच नसते. त्यामुळे साठवून ठेवायला काही नाही. हवं असतं ते एवढंच की थोडी माहिती, पण अगदी वेळच्या वेळी. दर दहा मिनिटांनी एसटी आहे असं वेळापत्रक सांगतं, पण पाऊण तास एकही येत नाही आणि मग चार एकामागोमाग येतात. तासाची सरासरी बरोबर, प्रवाशाचा मात्र खोळंबा. नेटवर्कमध्ये या अनियमिततेला जिटर म्हणतात, आणि स्पीडच्या मोठ्या आकड्यात ती दिसत नाही.

म्हणून चाचणी करताना डाउनलोडचा आकडा बाजूला ठेवून पिंग आणि जिटर पाहावा. fast.com वर जास्तीची माहिती उघडली की नेटवर्क रिकामं असताना आणि भरलेलं असताना लागणारा वेळ वेगवेगळा दिसतो. दुसरा आकडा पहिल्याच्या कित्येक पट असेल, तर खेळताना मागे एखादा फोटोचा बॅकअप सुरू झाला की गेम अडकणार, हे समजावं. जिफोर्स नाऊ पिंग ८० मिलिसेकंदांच्या आत मागते आणि ४० च्या आत असावा असं सुचवते. एक सावधगिरी: स्पीड टेस्ट स्वतः डेटा खाते, आणि वेग जितका जास्त तितका जास्त. १०० एमबीपीएसचं कनेक्शन दहा सेकंद पूर्ण ताकदीने तपासलं की १२५ एमबी गेले. दीड जीबीतल्या माणसाने ती दिवसातून चारदा करणं म्हणजे बारा मिनिटांचा खेळ गमावणं.

अंतराची चिंता मात्र फारशी करू नये. फायबरमधून प्रकाश मिलिसेकंदाला सुमारे दोनशे किलोमीटर जातो. नागपूरहून मुंबईच्या सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला तारेचा मार्ग वळणावळणाचा धरला तरी दहाबारा मिलिसेकंद पुरतात. वेळ जातो तो बहुतेक शेवटच्या टप्प्यात, टॉवर आणि तुमचा फोन यांच्यामध्ये. सर्व्हर सिंगापूरला किंवा त्याहून दूर असेल तर गोष्ट वेगळी. सेवा भारतातला सर्व्हर देते का, हे पैसे भरण्याआधी पाहून घ्यावं.

त्या शेवटच्या टप्प्यात आपल्या हातात बरंच आहे. सिग्नलच्या दांड्या फसव्या असतात. अँड्रॉइडमध्ये फोनच्या माहितीत सिम स्टेटस उघडलं की सिग्नल डीबीएममध्ये दिसतो, तोही उणे आकड्यात. उणे ९० किंवा त्याहून शून्याकडे असेल तर उत्तम, उणे ११० च्या पलीकडे गेला तर खेळू नये. पत्र्याच्या छताखाली किंवा जाड भिंतीआड खिडकीशी सरकल्यानेही हा आकडा दहा-पंधराने सुधारू शकतो. आकडा चांगला असूनही संध्याकाळी आठ ते अकरा गेम अडखळत असेल, तर दोष सिग्नलचा नाही, टॉवरवरच्या गर्दीचा आहे. त्यावर वेळ बदलणं किंवा दुसऱ्या कंपनीचं सिम एवढेच इलाज.

५जी असलेल्यांसाठी वेगळा सापळा आहे. दोन जीबी किंवा त्यावरच्या अनेक प्लॅनवर अमर्याद ५जी मिळतं, पण फोन खरोखर ५जीवर असेल तेव्हाच. घराच्या कोपऱ्यात फोन गुपचूप ४जीवर उतरला की डेटा रोजच्या कोट्यातून जायला लागतो, आणि २० एमबीपीएसवर निर्धास्त खेळणाऱ्याचे दोन जीबी बारा मिनिटांत संपतात. शिवाय ४जी-५जी अशी अदलाबदल होताना दरवेळी एक झटका बसतो तो वेगळाच. काठावरच्या जागी फोन एकाच नेटवर्कवर बांधून ठेवणं चांगलं. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर डायलरमध्ये `*#*#4636#*#*` टाकलं की एक चाचणी-मेनू उघडतो आणि त्यात नेटवर्कचा प्रकार ठरवता येतो. LTE only ठेवलं तर फोन ४जीवरच राहतो. NR only म्हणजे फक्त ५जी. हे ज्याचं ५जी ४जीच्या आधाराशिवाय चालतं अशाच नेटवर्कवर उपयोगी, जिओचं तसं आहे. तिथे कधी कधी फोन कॉल येणं बंद होतं, म्हणून खेळ झाल्यावर सेटिंग पूर्ववत करायला विसरू नये.

दोन सिम वापरणाऱ्यांचा गेम मध्येच ठप्प होतो त्याचं कारण अनेकदा दुसऱ्या सिमवर आलेला कॉल असतो. साध्या दोन सिमच्या फोनमध्ये एका सिमवर बोलणं सुरू असताना दुसऱ्याचा डेटा थांबू शकतो. तेवढ्या वेळापुरतं दुसरं सिम बंद ठेवावं. लॅपटॉपला हॉटस्पॉट देत असाल तर वाय-फायऐवजी यूएसबी केबलने द्या, जिटर कमी होतो; आणि विंडोजमध्ये त्या कनेक्शनवर Metered connection सुरू करा. नाहीतर विंडोजचं अपडेट तुमच्या दीड जीबीचा फडशा पाडेल आणि दोष गेमला लागेल.

बिघाड कुठला आहे हे पडद्यावरून बऱ्यापैकी ओळखता येतं. चित्र धूसर होतंय, पण हात हलका आहे, तर बिटरेट कमी पडतोय. चित्र स्वच्छ, पण उडी अर्ध्या सेकंदाने लागते, तर पिंग वाढलाय. चित्र थिजून एकदम पुढे जातं आणि आवाज फाटतो, तर माहिती वाटेत हरवतेय. अशा वेळी बिटरेट ५ वरून ४ वर आणल्याने पुष्कळदा सुधारतं, कारण गर्दीच्या टॉवरवर छोटा प्रवाह निभावून जातो. फक्त आवाज उशिरा येत असेल तर नेटवर्कला बोल लावू नका. ब्लूटूथ हेडफोन काढून वायरचा लावा. आणि पहिली वीस मिनिटं सुरळीत जाऊन मग सगळं जड होत असेल तर फोन तापलाय. चार्जिंग काढा, कव्हर काढा. तापलेले काही फोन ५जी सोडून ४जीवर येतात, आणि मग वर सांगितलेला कोट्याचा सापळा इथेही लागतो.

रेल्वेत आणि एसटीत खेळू नका. फोन दर थोड्या वेळाने टॉवर बदलतो, घाटात आणि बोगद्यात सिग्नलच जातो, आणि तुटलेलं सेशन पुन्हा सुरू करण्यातच डेटा संपतो. फोनवर उतरवता येणारा दोन-तीन जीबीचा गेम कधीच क्लाउडवरून खेळू नका. अडीच जीबी तासाच्या दराने त्याची किंमत पहिल्याच बैठकीत भरून निघते, कॉलेजच्या वाय-फायवर एकदा उतरवला की पुढे फुकट. शंभर जीबीचा गेम आणि चाळीस तासांचं कथानक असेल तर क्लाउडवरही शंभरच जीबी जातात, मात्र ते दोन-तीन महिन्यांत, थोडे थोडे, आणि तो गेम चालवणारा कॉम्प्युटर विकत न घेता. मोबाइल डेटावर क्लाउड गेमिंग परवडतं ते अशाच गेमसाठी. रोजचा प्लॅन दीड जीबीचा असेल आणि त्यातच क्लासही चालत असेल, तर खेळायच्या दिवसांपुरतं डेटाचं वेगळं व्हाउचर घ्या आणि रोजच्या कोट्याला हात लावू नका.